पावसाळी वाहिनीच्या अहवालातले चार आकडे

नव्या वसाहतीत घर घेताना लोक पार्किंग बघतात, टँकर लागतो का ते विचारतात, लिफ्टला बॅकअप आहे का याची खात्री करून घेतात. पावसाचे पाणी कुठून कुठे जाणार, हे सहसा कुणी विचारत नाही. विचारले तरी "मोठे पाइप टाकलेत, काळजी नको," एवढ्यावर विषय संपतो. वास्तविक त्या पाइपांमागे एक अहवाल असतो. पाऊस किती धरला, पाइप केवढे निवडले, त्यांना उतार किती दिला आणि पाणी शेवटी कुठे सोडले, हे सगळे त्यात लिहिलेले असते. तो इंजिनिअरांसाठी लिहिलेला असला तरी चार आकडे समजून घेतले तर कुणालाही वाचता येतो. आणि ते आकडे समजले की एक गोष्ट लक्षात येते : पाइपाचा व्यास हे फक्त उत्तर असते. वसाहत पाण्यात जाणार की नाही, हे त्याच्या दोन टोकांना ठरते. एका टोकाला धरलेला पाऊस असतो आणि दुसऱ्या टोकाला नाला.

समजण्यासाठी कागदावरची एक वसाहत घेऊ. पुण्याच्या बाहेर टेकडीच्या पायथ्याशी चार हेक्टर, म्हणजे सुमारे दहा एकर जमीन आहे. खालच्या बाजूने ओढा जातो. वरच्या बाजूला टेकडीचा दोन हेक्टर उतार या जमिनीकडे झुकलेला आहे. मधल्या रस्त्याखालून अडीचशे मीटर लांबीची मुख्य वाहिनी ओढ्यापर्यंत न्यायची आहे.

पहिला आकडा : पाऊस किती जोरात पडतो

पावसाचा आकडा म्हटले की आपल्याला वर्षाची सरासरी आठवते, किंवा वर्तमानपत्रातली "चोवीस तासांत इतके मिलिमीटर" ही ओळ. वाहिनीला या दोन्हींचा थेट उपयोग नाही. दिवसभर भुरभुर पडलेला 100 मिमी पाऊस गटारातून निमूट निघून जातो. तोच पाऊस दोन तासांत कोसळला तर रस्त्यावर गुडघाभर पाणी साचते. म्हणून अहवालात पावसाची तीव्रता लागते, आणि ती मिलिमीटर प्रतितास या मापात लिहितात.

ती किती कालावधीसाठी काढायची, हा पुढचा प्रश्न. वसाहतीच्या सर्वांत लांबच्या कोपऱ्यात पडलेला थेंब शेवटच्या चेंबरपर्यंत पोचायला जो वेळ लागतो, तोच कालावधी धरतात. त्याहून लहान सरीत सगळ्या जमिनीचे पाणी एकाच वेळी खाली पोचत नाही. त्याहून लांब सरीत जोर सरासरीने कमी झालेला असतो. आपल्या वसाहतीत छपरावरून, अंगणातून, टेकडीवरून जाळीपर्यंत यायला दहा-बारा मिनिटे आणि पाइपातून वाहायला दोन-तीन मिनिटे, असा सुमारे पंधरा मिनिटांचा हिशेब होतो.

पंधरा मिनिटांची नोंद मिळण्यासाठी जवळपास स्वयंचलित पर्जन्यमापक असावा लागतो आणि त्याच्या अनेक वर्षांच्या नोंदी हाती असाव्या लागतात. बऱ्याच ठिकाणी मिळतो तो सकाळी साडेआठ ते दुसऱ्या दिवशी साडेआठ असा दिवसाचा आकडा. अशा वेळी भारतीय हवामान खात्याचे एक-तृतीयांश घाताचे सूत्र वापरतात :

```
P(t) = P(24) × (t / 24)^(1/3)
```

समजा, त्या भागात सरासरी पाच वर्षांतून एकदा चोवीस तासांत 100 मिमी पाऊस पडतो. पंधरा मिनिटे म्हणजे पाव तास. सूत्रात हे घातले की पंधरा मिनिटांत सुमारे 22 मिमी येतात, म्हणजे तीव्रता झाली 88 मिमी प्रतितास. याच सूत्राने पूर्ण तासाचा पाऊस सुमारे 35 मिमी निघतो. एखाद्या अहवालात पंधरा मिनिटांच्या वसाहतीला हा तासाचा 35 चा आकडा लावला असेल, तर पाण्याचा अंदाज निम्म्याहूनही खाली येतो. पुढची सगळी गणिते बिनचूक असली तरी वाहिनी तोकडीच पडणार. हे सूत्र सगळ्या प्रदेशांना सारखे बसत नाही. घाट, कोकण आणि पठार यांच्या सरींचा स्वभाव वेगळा असतो. म्हणून प्रत्यक्ष नोंदी मिळत असतील तर त्यांनाच आधी मान द्यायचा.

'पाच वर्षांतून एकदा' या शब्दांचा अर्थही नीट घ्यायला हवा. एकदा असा पाऊस झाला की पुढची चार वर्षे सुटका, असे नाही. दरवर्षी असा किंवा याहून मोठा पाऊस येण्याची शक्यता 20 टक्के असते. दहा वर्षांत तो एकदा तरी येण्याची शक्यता जवळपास 90 टक्के होते. केंद्र सरकारची 2019 ची पर्जन्य जलनिस्सारण पुस्तिका शहराचा आकार आणि वस्तीचा प्रकार पाहून असा कालावधी निवडायला सांगते. कालावधी वाढवला की पाइप वाढतो, खर्चही वाढतो. त्यामुळे हा आकडा म्हणजे निसर्गाशी केलेला एक सौदाच असतो. पाच वर्षांच्या पावसासाठी बांधलेली वाहिनी पंचवीस वर्षांच्या पावसात ओसंडणारच. चांगला अहवाल ते लपवत नाही. ओसंडलेले पाणी रस्त्यावरून कुठे जाईल आणि ते कुणाच्या उंबऱ्याशी थांबणार नाही, हेही त्यात दाखवलेले असते.

मुंबईचे उदाहरण याच आकड्याचे आहे. जुन्या शहराच्या पावसाळी वाहिन्या ओहोटीच्या वेळी ताशी 25 मिमी पाऊस वाहून नेतील, अशा बेताने बांधलेल्या होत्या. 1993 च्या 'ब्रिमस्टोवॅड' अहवालाने ही क्षमता ताशी 50 मिमीपर्यंत नेण्याची शिफारस केली. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत 944 मिमी पावसाची नोंद झाली आणि त्यातला बराचसा दुपारनंतरच्या काही तासांतला होता. त्या दिवशी 50 मिमीची वाहिनीही पुरली नसती. पण दर पावसाळ्यात चार-सहा वेळा तुंबणाऱ्या चौकांना 25 आणि 50 मधला फरक नक्कीच कळतो.

दुसरा आकडा : पाणी किती जमिनीचे

पडलेल्या पावसातला किती भाग वाहतो, हे जमिनीवर काय आहे त्यावर अवलंबून असते. गच्ची आणि डांबरी रस्त्यावरचा जवळजवळ सगळा पाऊस वाहतो. त्याचा गुणांक 0.9 धरला. पेव्हर ब्लॉकच्या पार्किंगला 0.7, बागेला आणि मोकळ्या मैदानाला 0.3. आपल्या वसाहतीत छप्पर व रस्ते 2.4 हेक्टर, पेव्हर 0.6 हेक्टर आणि बाग 1 हेक्टर आहे. सगळ्यांचा मेळ घातला की सरासरी गुणांक 0.72 येतो. प्रवाह काढायचे सूत्र सोपे आहे :

```
Q = 10 × C × i × A
```

`C` म्हणजे गुणांक, `i` म्हणजे मिमी प्रतितास तीव्रता, `A` म्हणजे हेक्टरमधले क्षेत्र आणि `Q` म्हणजे तासाला येणारे घनमीटर पाणी. हिशेब केला तर तासाला सुमारे 2,534 घनमीटर, म्हणजे सेकंदाला 0.70 घनमीटर पाणी येते. सातशे लिटर, दर सेकंदाला.

खरी गफलत मात्र पुढे होते. अहवाल लिहिणाऱ्याच्या टेबलावर जो नकाशा असतो, त्यावर मालकीच्या हद्दीची जाड रेघ असते, आणि क्षेत्रफळ त्या रेघेच्या आतलेच मोजले जाते. पाणी सातबारा वाचत नाही. आपल्या वसाहतीवर टेकडीच्या दोन हेक्टर उताराचे पाणी येते. मुरमाड, विरळ गवताच्या उताराला 0.4 गुणांक धरला, तर त्याची आणखी 0.20 घनमीटरची भर पडते. एकूण प्रवाह होतो सेकंदाला 0.90 घनमीटर. पुढे पाइप निवडताना हा फरक निर्णायक ठरतो. आणि टेकडीवरून येणारे पाणी एकटे येत नाही. माती, गवत, प्लास्टिक घेऊन येते. म्हणून बरेच जाणकार टेकडीच्या पायथ्याला आडवा चर खोदून ते पाणी वसाहतीच्या कडेने थेट ओढ्यात नेणे पसंत करतात. तशी जागा नसेल तर निदान आत शिरण्याआधी गाळ बसवणारे चेंबर लागते. 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री पुण्यात आंबील ओढ्याकाठच्या वस्त्यांमध्ये जे पाणी शिरले, ते वरच्या कात्रजच्या बाजूने आलेले होते. वरच्या पाणलोटाचा हिशेब खालच्यांनी ठेवायचा असतो, तो असा.

याच ठिकाणी आणखी एक तुलना अहवालात असायला हवी. घरे होण्यापूर्वी ही चार हेक्टर जमीन माळरान होती आणि गुणांक 0.35 च्या आसपास होता. तेव्हा तिचे पाणी सेकंदाला 0.34 घनमीटर होते. आता ते 0.70 झाले, म्हणजे दुपटीहून जास्त. हे वाढीव पाणी ओढ्यात लोटले तर पुढच्या वस्तीवर संकट येते. म्हणून काही पाणी आतच थोडा वेळ थोपवायचे असते. फरक सेकंदाला 0.36 घनमीटर आणि सर पंधरा मिनिटांची धरली, तर ढोबळमानाने 325 घनमीटर साठवण लागते. हजार चौरस मीटरची बाग भोवतालच्या रस्त्यापेक्षा एक फूटभर खोल ठेवली आणि तिच्या तळाशी बारीक निकास ठेवला, तर जवळपास तेवढे पाणी तिथे मावते. सर थांबल्यावर ते हळूहळू निघून जाते. अंतिम आकडा ठरवताना अर्ध्या आणि एका तासाच्या सरीही तपासाव्या लागतात, कारण साठवणीची गरज कधीकधी लांब सरीत जास्त निघते.

तिसरा आकडा : उतार

प्रवाह कळला की पाइपाची निवड होते. यासाठी आयर्लंडचे इंजिनिअर रॉबर्ट मॅनिंग यांनी 1889 मध्ये मांडलेले सूत्र आजही वापरतात. त्याचे सार असे : पाण्याचा वेग पाइपाच्या आकारावर, आतल्या खडबडीतपणावर आणि उताराच्या वर्गमुळावर अवलंबून असतो. वर्गमुळामुळे उतार चौपट केला तर वेग दुप्पट होतो, चौपट नाही. खडबडीतपणासाठी नव्या काँक्रीट पाइपाला 0.013 हा आकडा चालतो. पण जोडांमधली तफावत आणि काही वर्षांत बसणारा गाळ लक्षात घेऊन सावध माणूस 0.015 धरतो. आपणही तेच धरू.

200 मीटरला एक मीटर, म्हणजे 1:200 उतार दिला, तर 800 मिमीचा आरसीसी पाइप सेकंदाला 0.81 घनमीटर पाणी नेतो आणि 900 मिमीचा 1.11. आता वरचा हिशेब आठवा. टेकडी विसरलेल्या अहवालाला 0.70 साठी 800 चा पाइप छान पुरतो. टेकडी धरलेल्या अहवालाला 0.90 साठी तो पुरत नाही, 900 च लागतो. दोन्ही अहवालांत सूत्र एकच, बेरीज-गुणाकार बरोबर. चूक फक्त क्षेत्राच्या रेघेत असते.

पण 900 चा पाइप टाकला म्हणजे काम झाले असेही नाही. तोच पाइप 1:500 उताराने टाकला तर त्याची क्षमता 0.70 वर येते आणि तो अपुरा पडतो. उलट 1:100 उतार मिळाला तर 800 चा पाइपही 1.15 नेतो. "केवढा पाइप आहे?" या प्रश्नाला म्हणूनच एकट्याने अर्थ नाही. व्यास आणि उतार यांची जोडीच विचारावी लागते. उताराला दोन्हीकडून मर्यादा असतात. वेग फार कमी झाला तर रेती तळाला बसते, म्हणून तो सेकंदाला साधारण 0.6 ते 0.8 मीटरच्या खाली जाऊ देत नाहीत. साधारण तीन मीटरच्या वर गेला तर वाळू पाइपाचा तळ घासून काढते, म्हणून तीव्र उतारावर मधूनमधून पायरीची चेंबरे बांधतात. आपल्या 900 च्या पाइपात पाणी पूर्ण भरून वाहताना वेग सुमारे 1.7 मीटर असतो, तो या दोन्हींच्या मध्ये बसतो.

कागदावरचा उतार जमिनीत उतरवणे हे ठेकेदाराचे काम, आणि बिघाड तिथेच सर्वाधिक होतो. 1:200 म्हणजे अडीच मीटरच्या एका पाइपाला जेमतेम साडेबारा मिलिमीटर. खडक लागला म्हणून चर थोडा उथळ ठेवला, किंवा पाइपाखालचा भराव नीट न ठोकल्याने तो बसला, की उतार गेलाच. ही चूक ओळखायला यंत्र लागत नाही. पाऊस थांबल्यावर एक दिवसाने चेंबरचे झाकण उघडून बघावे. पाइपात पाणी साचून राहिले असेल, तर तिथे उलटा उतार किंवा खोलगट भाग आहे. कंत्राटदाराचे अंतिम बिल देण्याआधी प्रत्येक चेंबरची तळपातळी मोजून ती नकाशातल्या पातळीशी ताडून पाहणे हा त्यावरचा उपाय.

पाइप पुरेसा असूनही रस्ता तुंबतो, तेव्हा बहुतेकदा दोष जाळ्यांचा असतो. पाणी पाइपात शिरायलाच वाट नसते. जाळ्या फार दूर असतात, किंवा डांबराचा नवा थर दिल्यावर त्या खड्ड्यात जातात वा अर्ध्या झाकल्या जातात. रस्ता तुंबलेला आणि खालच्या चेंबरमध्ये पाणी कमी, असे दृश्य दिसले तर पाइप बदलायची गरज नाही. जाळ्या वाढवा.

चौथा आकडा : नाल्याची पूरपातळी

अहवालातला सर्वांत दुर्लक्षित भाग शेवटी येतो : वाहिनीचे मुख. बऱ्याच अहवालांत "पाणी जवळच्या नाल्यात सोडण्यात येईल," एवढे एकच वाक्य असते. ते पुरेसे नाही. विचारायचे ते हे, की नाल्याला पूर आलेला असताना आपल्या वाहिनीचे काय होईल?

आपल्या वसाहतीत खालच्या टोकाला रस्त्याची पातळी 100 मीटर धरू. 900 च्या पाइपावर मीटरभर भराव हवा, म्हणून पाइपाचा तळ 98 वर आणि माथा 98.9 वर येतो. ओढ्याचा तळ 97 वर आहे. उन्हाळ्यात जागा पाहायला गेलेल्या माणसाला पाइप ओढ्यापेक्षा मीटरभर उंच दिसतो आणि त्याचे समाधान होते. पण समजा ओढ्याची पूरपातळी 99.4 आहे. महाराष्ट्रात पूररेषा दोन असतात. निळी रेषा सरासरी 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा 100 वर्षांतल्या पुराची. हा आकडा निळ्या रेषेचा मानला, तर त्या पुरात आपले मुख अर्धा मीटर पाण्याखाली जाते.

मुख बुडाले म्हणजे पाणी थांबते असे नाही. पण ते वाहण्यासाठी आतल्या पाण्याला आता ओढ्यापेक्षा उंच चढावे लागते. 0.90 घनमीटर पाणी 900 च्या पाइपातून ढकलायला अडीचशे मीटरांत सुमारे 0.8 मीटर उंची खर्च होते आणि मुखाशी आणखी दहा सेंटिमीटर. म्हणजे खालच्या चेंबरमध्ये पाणी 99.5 वर आणि वरच्या टोकाला 100.3 वर उभे राहील. रस्ता खाली 100 वर आणि वर 101.25 वर आहे. रस्ता वाचला, पण खालच्या बाजूला अंतर उरले फक्त अर्धा मीटर. त्या भागात कुणाचे अंगण रस्त्यापेक्षा दोन फूट खोल असेल, तर पाणी जाळीतून उलटे वर येईल. आणि तळमजल्याखाली पार्किंग असेल, तर त्याचे पाणी या वाहिनीत आपोआप कधीच उतरणार नाही. त्यासाठी पंप, पंपासाठी जनरेटर, आणि जनरेटर पार्किंगच्या खड्ड्यात नसून वर ठेवलेला, एवढे सगळे लागते.

ओढ्याचे पाणी आत शिरू नये म्हणून मुखावर झडपेचे दार बसवतात. आतल्या पाण्याचा दाब जास्त असला की ते उघडते, बाहेरचा वाढला की मिटते. पण दार मिटलेले असताना वसाहतीतला पाऊस चालूच असतो. तेवढा वेळ ते पाणी कुठे थांबणार, याचे उत्तर अहवालात नसेल तर दार बसवून फायदा नाही. मघाची खोलगट बाग इथे दुसऱ्यांदा उपयोगी पडते. मुंबईत हीच अडचण समुद्रामुळे येते. भरतीचे पाणी वाहिन्यांच्या मुखांवर चढते, तेव्हा कितीही मोठी वाहिनी उतारावर रिकामी होत नाही. म्हणून तर हाजी अली, इर्ला, लव्हग्रोव्ह अशा ठिकाणी पावसाचे पाणी उपसून समुद्रात टाकणारी पंपिंग स्टेशने उभारावी लागली.

मुखाच्या बांधकामाकडेही एकदा बघावे. पाइप ओढ्याच्या प्रवाहाला काटकोनात नको, प्रवाहाच्या दिशेने तिरका हवा. त्याला भिंत हवी आणि समोर दगडी फरसबंदी हवी. ती नसेल तर दोन-तीन पावसाळ्यांत काठ खचतो आणि शेवटचे पाइप सुटून ओढ्यात पडतात. आणखी एक परीक्षा मे महिन्यात करावी. ऐन उन्हाळ्यात मुखातून पाणी येत असेल, तर कुणीतरी सांडपाण्याची लाइन पावसाळी वाहिनीला जोडली आहे. त्या पाण्याचा गाळ आणि शेवाळ पावसाआधीच पाइपाची जागा खाऊन टाकते.

घर घेण्यापूर्वी, किंवा बिल्डरकडून सोसायटीचा ताबा घेताना, हा अहवाल आणि प्रत्यक्ष बांधकामाच्या पातळ्यांचा नकाशा लेखी मागा. त्यात चार गोष्टी शोधा : किती मिनिटांच्या आणि किती वर्षांच्या पावसाची तीव्रता धरली, हद्दीबाहेरून येणारे पाणी मोजले का, प्रत्येक तुकड्याचा व्यास आणि उतार किती, आणि नाल्याची पूरपातळी किती धरली. यातला चौथा आकडा सापडला नाही, तर बाकीचे तीन कितीही सुबक असले तरी अहवाल अपुरा समजा आणि ताब्याच्या कागदावर सही करण्यापूर्वी तो पूर्ण करून घ्या.